‘सात आडवं काय आहे?’ एवढंच विचारू नका

शब्दकोडं अडलेल्या माणसाला मदत करायला मला मनापासून आवडतं. तरीही "आजच्या कोड्यातलं सात आडवं काय आहे?" एवढाच प्रश्न आला, की मी उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारते. काहींना याचा राग येतो. "येत असेल तर सांग, नाहीतर राहू दे" असंही ऐकून घ्यावं लागतं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सात हा आकडा म्हणजे चौकटीतली एक जागा, एवढंच. प्रत्येक वर्तमानपत्राचं कोडं वेगळं, रोजची चौकट वेगळी. शिवाय एकाच घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द सुरू होत असतील, तर दोघांचाही क्रमांक सातच असतो. समोर तेच पान नसेल, तर या आकड्यातून काहीही कळत नाही. उत्तर शोधायला तीन गोष्टी लागतात: सूत्र जसंच्या तसं, घरं किती, आणि कुठल्या घरात कुठलं अक्षर आलंय. यातली एकही हाताशी नसेल, तर मराठी जाणणारा कितीही मोठा पंडित असो, तो फक्त अंदाज ठोकणार.

यातली एकेक गोष्ट कळली की काय फरक पडतो, ते कमळावरून बघू. कोडी रचणाऱ्यांचं हे आवडतं फूल आहे, कारण त्याला नावं भरपूर. समजा सूत्र आहे नुसतं "कमळ". घरं माहीत नसतील तर पद्म, अब्ज, पंकज, सरोज, अंबुज, नीरज, राजीव, नलिनी, उत्पल, पुष्कर, अरविंद, इंदीवर, पुंडरीक, तामरस, शतदल, सरसिज अशी रांगच लागते. घरं तीन आहेत म्हटलं, की पद्म आणि अब्ज एका टोकाने गेले, अरविंदपासून पुढचे सगळे दुसऱ्या टोकाने गेले. तरी बरेच उरतात.

आता तुम्ही सांगितलंत, "शेवटचं अक्षर ज आहे." ऐकायला मोठी मदत वाटते, पण ती तशी नाही. पाण्याला जे संस्कृत शब्द आहेत, त्यातल्या बऱ्याच शब्दांपुढे ज लावला की कमळ तयार होतं: जलज, नीरज, अंबुज, वारिज. शिवाय पंकज आणि सरोज आहेतच. याउलट "मधलं अक्षर रो आहे" एवढं सांगितलंत, तर सरोज सोडून यातलं दुसरं काही बसत नाही. म्हणजे किती अक्षरं आलीत यापेक्षा कुठलं आलंय, याला जास्त किंमत आहे. जे एक अक्षर हाताशी असेल, ते बिनमहत्त्वाचं समजून गाळू नका.

सूत्र न सांगता नुसती अक्षरं सांगितली, तर उलट अडचण होते. "ज, ल आणि तिसरं रिकामं, काय असेल?" याला जलज म्हणजे कमळ चालेल, जलद म्हणजे ढग चालेल, जलधी म्हणजे समुद्रही चालेल. आणि जलद तर "वेगवान" या सूत्रालाही चालेल. वारि आणि अंबु यांचंही तसंच: ज लावला तर कमळ, द लावला तर ढग, धी लावली तर समुद्र. ही जोडणी एकदा डोक्यात बसली की बरीच घरं भराभर भरतात, पण सूत्र हातात असेल तरच.

घरं मोजताना मराठीत एक काळजी घ्यावी लागते. आपल्याकडे एका घरात पूर्ण अक्षर बसतं, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर सगळ्यासकट. पद्म दोन घरांचा, त्यात द्म एकाच घरात. उत्पल तीन घरांचा. त्यामुळे फोनवर सांगताना "मधे ज आहे" म्हणायचं आणि चौकटीत असायचा जी, असं झालं तर राजीव हे उत्तर कुणाला सुचणारच नाही. वि आणि विं ही कोड्याच्या दृष्टीने दोन वेगळी अक्षरं आहेत. अक्षर सांगाल तर मात्रेसकट सांगा. सगळे कोडेकर्ते ऱ्हस्व-दीर्घाबाबत सारखेच काटेकोर नसतात, हे खरं. कुणाच्या कोड्यात आडव्या शब्दाचा कि आणि उभ्याचा की एकाच घरात येतात. ते तुमचं नेहमीचं कोडं असेल, तर मदत मागताना तेही सांगून टाका.

माझी मावशी रोज दुपारी कोडं घेऊन बसते. तिचा परवाचा फोन इथे सांगण्यासारखा आहे. "अगं, पाच आडवं सुचत नाहीये. कमळाचं काहीतरी आहे. शेवटी क्ष येतोय." तिच्या मुलांनी तोवर घरातून कमलाक्ष आणि पंकजाक्ष अशी दोन नावं पुरवली होती आणि दोन्ही बसत नव्हती. मी म्हटलं, "मावशी, सूत्र वाच ना, छापलंय तसं." सूत्र होतं, "कमळासारखे डोळे असलेला". मग हे फुलाचं नाव नाही, विशेषण आहे, आणि बहुतेक विष्णूचं. तिने "कमळाचं काहीतरी" म्हटल्यावर पद्मनाभही डोक्यात येऊ शकला असता, पण तो नाभीत कमळ असलेला. आपल्याला जेवढं महत्त्वाचं वाटतं तेवढंच आपण समोरच्याला सांगतो, आणि नेमका उपयोगाचा शब्द मागे राहतो. इथे तो शब्द होता "डोळे".

"घरं किती?" "पाच." कमलाक्ष, पंकजाक्ष, राजीवाक्ष ही सगळी चार अक्षरी, म्हणजे बाद. कमलनयन आणि राजीवलोचन सहा अक्षरी, तेही बाद. राहिले दोन: पुंडरीकाक्ष आणि अरविंदाक्ष. शेवटचा क्ष दोघांतही आहे, म्हणून तिला जो आधार वाटत होता त्याचा इथे काही उपयोग नव्हता. "आणखी कुठली अक्षरं आलीत?" तर म्हणाली, "दुसरं ड आणि चौथं दा."

आता गंमत बघा. ड धरला तर पुंडरीकाक्ष, दा धरला तर अरविंदाक्ष, आणि दोन्ही धरले तर कुठलाच शब्द बसत नाही. असं झालं की बहुतेक वेळा भरलेल्या अक्षरांपैकी एक चुकीचं असतं. मग मी विचारलं, कुठलं अक्षर कुठल्या शब्दातून आलं? क्ष आला होता "पंधरवडा" या सूत्राच्या पक्ष या उत्तरातून. ड आला होता "झाडाचा बुंधा" या सूत्रावरून, उत्तर खोड. दोन घरांत दुसरं काही बसणं अवघड, म्हणजे हे पक्कं. आणि दा आला होता "लेखी पुरावा" या तीन घरांच्या उभ्या शब्दातून, तिथे तिने दाखला लिहिलं होतं. तिथे कागदही बसतो! दाखला खोडून कागद लिहिलं, दाचा का झाला आणि पुंडरीकाक्ष नीट बसला. पुढे कागदच्या गमधून जाणारा आडवा शब्दही सुटला, तो तिला दाखलाच्या खमुळे अडला होता.

म्हणून माझी विनंती आहे की अक्षर सांगताना ते पक्कं आहे की अंदाजाने लिहिलंय, आणि कुठल्या सूत्रातून आलंय, हेही सांगा. एक चुकीचं अक्षर दिलंत, तर मदत करणारा बरोबर उत्तर स्वतःच बाजूला सारतो आणि वेगळ्याच वाटेने शोधत राहतो. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चौकटीचा आणि सूत्रांचा मिळून फोटो, तुमच्या अक्षरांसकट. फक्त त्यात घरांचे बारीक आकडे वाचता येतात ना, एवढं पाठवण्याआधी बघा.

आणि मदत करणाऱ्यांनाही मला काही सांगायचंय. सूत्र न विचारता "पंकज असेल", "सरोज असेल" अशी उत्तरं फेकू नका. ज्याचं अडलंय तो त्यातलं एक विश्वासाने लिहून टाकतो. मग त्याला छेदणारे दोन-तीन उभे शब्द बिघडतात, आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. सूत्र काय, घरं किती, अक्षरं कुठली, एवढं विचारण्यात कुणाचा अपमान नाही. काहीच न विचारता भसकन उत्तर सांगण्यापेक्षा हा प्रश्न विचारणं मला जास्त आपुलकीचं वाटतं.

तोंडी कोड्यांचं, म्हणजे आजी घालायची त्या उखाण्यांचं काय? तिथे घरं नसतात, अक्षरं नसतात, जे काही असतं ते सगळं शब्दांत असतं. त्यामुळे शब्द बदलले की कोडंच मोडतं. "ते घर राखणारं कोडं आहे ना, त्याचं उत्तर काय?" असं विचारलं, तर कुत्रा, कडी, दार, कुलूप, काहीही चालेल. मूळ शब्द आहेत, "एवढंसं कार्टं, घर राखतं." एवढंसं म्हटल्यावर दार गेलं. कार्टं नपुंसकलिंगी, म्हणून कुत्रा आणि कडीही गेली, कुलूप उरलं. "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" यातली नागीण स्त्रीलिंगी आणि उत्तरातली जीभही स्त्रीलिंगी. "हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली", तिचं उत्तर भेंडी, तीही स्त्रीलिंगी. हा काही पक्का नियम नाही. "पाटीलबुवा राम राम, दाढीमिशा लांब लांब" याचं उत्तर कणीस, तिथे लिंग जुळत नाही. पण अनेकदा हाच धागा उपयोगी पडतो, आणि "नागाचं एक कोडं होतं" असं सांगितलं की तो हातातून सुटतो. पूर्ण आठवत नसेल तर जेवढी ओळ आठवते तेवढी तशीच लिहा, विसरलेल्या जागी टिंबं द्या, पण स्वतःचे शब्द घालून ती पूर्ण करू नका. आणि ते कुठल्या भागात ऐकलंत तेही लिहा, कारण एकच कोडं गावोगावी थोडं वेगळं म्हणतात.

पुढच्या वेळी अडलात तर असं लिहा: "आडवा शब्द, सूत्र: कमळासारखे डोळे असलेला. घरं पाच. दुसरं ड (पक्कं, खोडमधलं), चौथं दा (खात्री नाही, 'लेखी पुरावा' म्हणून दाखला लिहिलंय), शेवटचं क्ष. कमलाक्ष आणि पंकजाक्ष लिहून पाहिलं, बसत नाही. उत्तर सांगू नका, इशारा द्या." शेवटचं वाक्य ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. पण ते लिहिलं असेल, तर मी पुंडरीकाक्ष सांगणार नाही, फक्त म्हणेन, "दाखला पुन्हा तपासा."