सात वर्षांची गरज आणि सात वर्षांचा रोखा: हिशेब कुठे चुकतो

"पैसे सात वर्षांनी हवेत? सात वर्षांचा सरकारी रोखा घ्या आणि निवांत झोपा. व्याजदर वर जावोत की खाली, शेवटी हातात येणारी रक्कम पक्की. मुदतीआधी विकलं आणि दर वाढलेले असले की नुकसानच. ड्युरेशन-बिरेशन ही फंडवाल्यांची कमिशन खायची भाषा. सगळ्यांना पाठवा."

नागपुरात धरमपेठेत राहणाऱ्या माझ्या मामांनी नातीच्या मेडिकलच्या फीसाठी 10 लाख रुपये बाजूला काढले आहेत. हा मेसेज वाचून ते तसाच रोखा घ्यायला निघाले. "अरे, सरकारचा कागद आहे, बुडेल कसा?" हा त्यांचा प्रश्न. मामा, बुडणार नाही. मुदत संपेपर्यंत धरला तर मुद्दल पूर्ण परत येईल, आणि ज्याला फक्त दर सहा महिन्यांचं व्याज खर्चायला हवं त्याला एवढं पुरेसं आहे. पण फी व्याजातून भरायची नाही, सातव्या वर्षी एकरकमी भरायची आहे. म्हणजे दरवर्षी येणारं व्याज पुन्हा गुंतवावं लागणार, आणि ते कोणत्या दराने गुंतेल हे आज कुणालाच ठाऊक नाही.

मेसेजची सगळी फसगत इथे आहे. सोयीसाठी व्याज वर्षातून एकदा मिळतं असं धरू आणि कर बाजूला ठेवू. रोखा 7 टक्क्यांचा, दर्शनी किमतीला घेतलेला. दर 7 टक्केच राहिले तर सात वर्षांनी 16,05,781 रुपये होतात. मामांचं लक्ष्य हेच. आता खरेदीनंतर लगेच दर 5 टक्क्यांवर आले असं समजा. मुद्दल 10 लाख परत येतं, पण दरवर्षीचे 70,000 रुपये 5 टक्क्यांनी वाढून 5,69,941 च होतात. एकूण 15,69,941. जवळपास 36,000 रुपये कमी, तेही "पक्क्या" रकमेतून.

ड्युरेशन म्हणजे रोख्यातून येणाऱ्या सगळ्या पैशांची, त्यांच्या आजच्या किमतीच्या वजनाने काढलेली सरासरी वेळ. सात वर्षांच्या या रोख्याची ती 5.77 वर्षं भरते, कारण बराच पैसा व्याजाच्या रूपाने आधीच हातात येतो. गरज मात्र 7 वर्षांनी आहे, आणि ही दोन्ही जुळली तरच दरांचा फटका टळतो. याच 7 टक्क्यांचा नऊ वर्षांचा रोखा घेतला तर ड्युरेशन 6.97 येते, म्हणजे जवळजवळ 7.

तोच हिशेब त्यावर करू. दर 5 टक्क्यांवर आले तर व्याजाचे तेच 5,69,941 मिळतात, पण सातव्या वर्षी रोखा विकताना त्याची दोन वर्षं उरलेली असतात, आणि नवे रोखे 5 टक्केच देत असल्याने 7 टक्क्यांच्या या रोख्याला 10,37,188 रुपये भाव येतो. एकूण 16,07,129. दर 9 टक्क्यांवर चढले तर विक्रीला 9,64,818 च मिळतात, पण व्याज वाढून 6,44,030 झालेलं असतं. एकूण 16,08,848. दोन्हीकडे लक्ष्य गाठलं जातं, कारण एकीकडची तूट दुसरीकडची वाढ भरून काढते. "विकलं की नुकसानच" हा मुद्दा इथेच निकालात निघाला.

आणि कमिशनची भाषा? ड्युरेशनचं माप अर्थतज्ज्ञ फ्रेडरिक मॅकॉले यांनी 1938 मध्ये मांडलं. विमा कंपनीची देणी आणि गुंतवणूक यांची सरासरी मुदत जुळवली की दरांचा फटका टळतो, हे ब्रिटिश अॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचे गणिती, फ्रँक रेडिंग्टन यांनी 1952 मध्ये दाखवलं. पॉलिसीधारकांचे पैसे वेळेवर देता यावेत म्हणून रेडिंग्टन यांनी केलेलं हे काम आहे.

मात्र हे एकदा करून विसरायचं काम नाही. वरचा हिशेब सगळ्या मुदतींचे दर एकदम, सारखेच आणि खरेदीनंतर लगेच हलले असं धरून आहे. वेळ सरते तशी जुळणी सुटत जाते. दर 7 टक्केच राहिले आणि आलेलं व्याज अल्पमुदतीत ठेवलं तर तीन वर्षांनी सगळ्या रकमेची ड्युरेशन सुमारे 4.2 असते, उरलेली वर्षं 4, एवढं चालतं. पाचव्या वर्षी मात्र ती 2.6 च्या आसपास असते आणि उरलेली वर्षं 2. त्या वेळी दर उसळले तर व्याजातून भरपाई व्हायला पुरेसा काळच उरत नाही. म्हणून मामांना दरवर्षी ड्युरेशन पुन्हा काढायला सांगितलं आहे. चौथ्या वर्षापासून रोख्याचा थोडा थोडा भाग विकून सरकारच्या 364 दिवसांच्या ट्रेझरी बिलांत किंवा फीच्या तारखेजवळ संपणाऱ्या रोख्यात न्यायचा. स्ट्रिप म्हणजे सरकारी रोख्यातून सुटा करून विकलेला, मध्ये व्याज न देता शेवटी एकरकमी पैसे देणारा कागद; नेमकी सात वर्षांची स्ट्रिप पटणाऱ्या भावात मिळाली तर ही उठाठेव लागणार नाही. पण किरकोळ गुंतवणूकदाराला तशी स्ट्रिप सहज मिळत नाही, म्हणून मामा नऊ वर्षांच्या रोख्यापासून सुरुवात करत आहेत.