९८२५ म्हणजे गुजरात? दरवेळी नाही

नंबरच्या सुरुवातीवरून कंपनी आणि गाव ओळखायचे तक्ते ग्रुपवर पुन्हा फिरायला लागलेत. माझं स्पष्ट मत आहे, हे तक्ते पाहून कुणाबद्दल काहीही ठरवू नका.

आधी त्यात खरं किती ते सांगतो. दूरसंचार विभाग नंबरांचे गठ्ठे कंपनीला सर्कलनिहाय देतो. म्हणून ९४२२ म्हटलं की बीएसएनएल, महाराष्ट्र, आणि ९८२५ म्हटलं की गुजरात, हे आपल्याला पाठ झालं. पण मुंबई सोडली तर अख्खा महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सर्कल आहे. त्यामुळे 'हा जळगावचा नंबर' असं आकड्यांवरून कधीच सांगता येत नव्हतं. तो कोल्हापूरचाही असू शकतो.

आता पोर्टिंग. २०११च्या जानेवारीत देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, पण त्याच सर्कलमध्ये. ३ जुलै २०१५ पासून सर्कलही बदलता येऊ लागलं. आपल्या खान्देशात याचा परिणाम जास्त जाणवतो, कारण घरटी कुणीतरी सुरतेला कामाला असतं.

समजा, उधन्याला दहा वर्षं काढलेला भाऊ शहाद्याला परत आला. ९८२५ चा नंबर सगळ्या व्यापाऱ्यांकडे असल्यामुळे तो सोडत नाही, महाराष्ट्रात दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करतो. आता तुम्ही धुळ्याहून त्याला फोन लावला, तर तुमची कंपनी ९८२५ बघून फोन गुजरातेत पाठवत नाही. पोर्ट झालेल्या नंबरांची नोंद आधी तपासली जाते. तिथून त्याच्या सध्याच्या कंपनीचा आणि सर्कलचा रूटिंग कोड मिळतो आणि फोन त्या कोडप्रमाणे जातो. खुद्द कंपन्यांनाच सुरुवातीच्या आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही, तिथे फॉरवर्ड केलेला तक्ता काय सांगणार?

तरी लोक त्यावरून माणसं तोलतात. बाहेरच्या राज्याचा नंबर दिसला की केळीवाल्याचा फोन उचलत नाहीत, आणि ९४२२ दिसला की 'आपलाच माणूस' म्हणून ओटीपीसुद्धा सांगून टाकतात. मला या दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. नंबर पहिल्यांदा कुठे दिला गेला, एवढंच त्या आकड्यांतून कळतं. आज सिम कुणाच्या हातात आहे आणि तो कुठे बसलाय, हे पोर्ट न झालेल्या नंबरवरूनही कळत नाही.

रिचार्ज करतानाही तेच. ॲपने सुचवलेली कंपनी डोळे झाकून स्वीकारू नका. आईचा किंवा आबांचा फोन हातात घ्या, वर नेटवर्कचं नाव काय दिसतं ते बघा. दोन सिम असतील तर सेटिंगमध्ये जाऊन त्या नंबरसमोर कोणतं नाव आहे ते पाहा, आणि मगच पैसे भरा.