स्प्लिटर प्रकाश वाटतो, स्पीड नाही

“एका फायबरवर ३२ घरं बसवतात, म्हणजे स्पीडचे सरळ ३२ तुकडे. शेजारी झोपला तरी त्याचा तुकडा त्याच्याच नावावर. अपलोडला तर बत्तीसही जणांची टक्कर होते. वर तुमचा डेटा शेजाऱ्याच्या डब्यातही जातो!”

फायबर इंटरनेटबद्दल असा दावा ऐकू येतो. आधी तुकड्यांचं बघू. स्प्लिटर म्हणजे एक फायबर अनेक फायबरांत फोडणारा भाग. त्याला वीज लागत नाही, त्याला बिट कळत नाहीत. तो फक्त प्रकाश वाटतो. जीपॉनमध्ये, म्हणजे एका फायबरवर अनेक घरं बसवायच्या या पद्धतीत, कंपनीच्या टोकाचं यंत्र, म्हणजे ओएलटी, समजा +३ डीबीएम इतक्या ताकदीने प्रकाश सोडतंय. १:३२ स्प्लिटरमध्ये साधारण १७ डेसिबल जातात, ४ किलोमीटर फायबरमध्ये १, जोडांमध्ये २. घरी पोहोचतात −१७. घरातल्या डब्याला, म्हणजे फायबर मोडेमला, −२७ पर्यंत चालतं, म्हणजे १० डेसिबल हाताशी आहेत. त्यापुढे कुणी आणखी १:४ स्प्लिटर घुसवला तर ७ जातात, तरीही खाली येणारा २.५ गिगाबिटचा प्रवाह तेवढाच राहतो. मात्र त्यात दाराच्या फटीत फायबर दुमडली आणि पातळी −२७ च्या खाली गेली, की आधी चुका वाढतात, मग प्रकाश हरवल्याचा लाल LOS दिवा लागतो.

वर जाणारी वाट १.२४ गिगाबिटची, आणि ती खरंच सामायिक आहे. पण ती वेळेत वाटलेली. ओएलटी दर १२५ मायक्रोसेकंदांना यादी पाठवतं: कोणी कधी बोलायचं, कधी गप्प बसायचं. लेझर फक्त आपल्या पाळीत पेटतो. कुणाच्या रांगेत किती डेटा साठलाय हे डबे कळवत राहतात, त्यामुळे झोपलेल्या शेजाऱ्याची पाळी जागणाऱ्याला मिळते. बत्तीसही घरं एकदम जोरात अपलोड करू लागली तर प्रत्येकी ३९ मेगाबिटपेक्षाही कमी उरतात, हे खरं. पण असं क्वचित घडतं.

टक्कर का होत नाही? १ किलोमीटरवरच्या घराचं उत्तर ४ किलोमीटरवरच्यापेक्षा ३० मायक्रोसेकंद आधी येतं. म्हणून जोडणीच्या वेळीच ओएलटी जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजतं आणि जवळच्याला तेवढं थांबायला सांगतं. मग सगळे जणू एकाच अंतरावर.

दाव्यात नसलेला खरा धोका वेगळा: एखाद्या डब्याचा लेझर अडकून सतत पेटलेला राहिला, तर तो सगळ्यांच्या पाळ्या बुजवतो. ओळखायची खूण अशी की ओएलटीच्या एकाच पोर्टवरची अनेक घरं एकदम तुटतात, मीटरवर प्रकाश मात्र ठणठणीत आणि LOS दिवा बंद. मग एकेक फांदी काढून बघावी लागते. काढताच बाकीचे परत आले तर चोर सापडला.

डेटाबद्दलचं वाक्य अर्धं बरोबर. खाली येणारा प्रकाश सगळ्यांकडे जातो, म्हणूनच जीपॉनमध्ये १२८-बिट एईएस कुलूप आहे, फक्त कंपनीने ते चालू ठेवायला हवं. किल्ली डबा वरच्या दिशेने पाठवतो, आणि ती दिशा शेजाऱ्याला दिसत नाही.