खोकून हार्ट अटॅक थांबतो का? अण्णांना वेगळे पाठवलेले उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर अण्णांनी पुढे पाठवलेला, मुळात सगळा इंग्रजी कॅपिटल अक्षरांतला संदेश असा होता:

"एकटे असताना हार्ट अटॅक आला तर! शुद्ध हरपण्यापूर्वी तुमच्या हातात फक्त 10 सेकंद असतात! घाबरू नका! दीर्घ श्वास घ्या आणि जोरजोरात खोकत राहा! दर 2 सेकंदांनी श्वास आणि खोकला! खोकल्याने हृदय दाबले जाते, रक्त फिरते आणि ठोके पूर्ववत होतात! मग हॉस्पिटल गाठा! हा संदेश 10 जणांना पाठवा, एक तरी जीव वाचेल!"

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार. हे ग्रुपवर न लिहिता फक्त तुम्हाला लिहीत आहे. इमारतीत एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची विचारपूस तुम्ही रोज करता आणि हा संदेशही त्याच काळजीपोटी पाठवला आहे, हे मी जाणतो. त्यावर दुहेरी बाणाची खूण आहे, म्हणजे तुमच्यापर्यंत पोहोचण्याआधीच तो किमान पाच वेळा पुढे गेलेला आहे. त्यातली मोठी अक्षरे आणि त्यातले दावे दोन्ही मूळ मजकुराचे आहेत, तुमचे नव्हेत. मात्र तुमच्या नावाने आलेली गोष्ट आपल्याकडे लोक खरोखर पाळतात, आणि हृदयाच्या धमन्यांची तपासणी जिथे होते त्या कॅथलॅबमध्ये काम करत असल्यामुळे या मजकुरातली चूक किती महागात पडू शकते हे मला रोज दिसते, म्हणून एकेक मुद्दा सविस्तर मांडतो.

दहा सेकंदांचा मुद्दा दोन वेगळ्या आजारांची सरमिसळ करतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी बहुधा गुठळीमुळे बंद होते, पण हृदय धडधडत असते आणि रुग्ण बहुतेक वेळा शुद्धीवर असतो. छातीत दडपण, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, धाप, मळमळ असे त्रास त्याला कित्येक मिनिटे, कधी काही तास होत राहतात. हृदयाचे पंपिंगच अचानक थांबणे म्हणजे कार्डिॲक अरेस्ट, आणि साधारण दहा सेकंदांत शुद्ध हरपते ती या दुसऱ्या अवस्थेत. हार्ट अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो, पण प्रत्येक अटॅकमध्ये होत नाही. यातून निघणारी व्यवहाराची गोष्ट अशी की ज्याला छातीत दुखते आहे हे कळते आहे, त्याच्याकडे फोन करण्याइतका वेळ बहुधा असतो, आणि हा संदेश नेमका तोच वेळ खोकण्यात घालवायला सांगतो.

खोकल्याच्या दाव्यात एक खरा धागा आहे, आणि त्यामुळेच तो सुशिक्षितांनाही पटतो. ॲन्जिओग्राफी करताना धमनीत रंगद्रव्य सोडल्यावर काही वेळा ठोके एकदम मंदावतात. अशा वेळी डॉक्टर मॉनिटरवरची नजर न हटवता रुग्णाला म्हणतात, "खोका, जोरात खोका," आणि प्रत्येक खोकल्यासरशी पडद्यावरची रक्तदाबाची रेघ वर उसळलेली आम्हाला दिसते, कारण खोकताना छातीच्या पोकळीतला दाब वाढून रक्त पुढे ढकलले जाते. 1976 मध्ये अमेरिकन डॉक्टरांनी अशाच कॅथलॅबमधल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. ठोक्यांची लय बिघडल्यावर ते रुग्ण खोकत राहून जेमतेम अर्ध्या मिनिटाच्या आसपास शुद्धीवर राहिले. पण तिथे रुग्ण आधीच टेबलावर असतो, ईसीजी सतत चालू असतो, कोणत्या क्षणी खोकायचे ते पडद्याकडे पाहून दुसरा माणूस सांगतो आणि शॉक देण्याचे यंत्र हाताशी असते. घरी यातले काहीच नसते. लय बिघडली आहे की धमनी बंद झाली आहे हे रुग्णाला स्वतःला कळत नाही, आणि धमनीतली गुठळी कितीही खोकले तरी सुटत नाही. त्यामुळे अमेरिकन हार्ट असोसिएशनही सर्वसामान्यांना हा उपाय सुचवत नाही.

कोणी म्हणेल की मी खोकलो आणि मला बरे वाटले. तसे वाटू शकते, कारण छातीतली धडधड कित्येकदा आपोआप थांबते, आणि अटॅकची कळही मधूनच ओसरून पुन्हा येते. मला सर्वांत जास्त भीती या ओसरण्याची वाटते. बरे वाटले म्हणून माणूस "ॲसिडिटी असेल" असे म्हणत सोडा किंवा ओवा घेऊन पडून राहतो, आणि तिकडे दर मिनिटाला हृदयाचा आणखी थोडा स्नायू कायमचा निकामी होत जातो. मधुमेह असलेल्यांना आणि वयस्कर मंडळींना तर कित्येकदा छातीत फारसे दुखतही नाही. नुसता घाम, धाप किंवा गळून गेल्यासारखे वाटते.

हॉस्पिटल गाठण्याचा सल्ला बरोबर आहे, पण त्याची जागा शेवटी नसून अगदी सुरुवातीला आहे, आणि स्वतः गाडी चालवत किंवा जिने उतरत जायचे नाही. आधी 108 ला फोन करून पत्ता आणि मजला सांगावा, मग शेजाऱ्याला हाक मारावी, दाराची कडी काढून ठेवावी आणि भिंतीला पाठ टेकून, गुडघे वाकवून बसावे. ॲस्पिरिनची ॲलर्जी, पोटातला अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खावी. शंका असल्यास फोनवर विचारून घ्यावी. जिभेखालची सॉर्बिट्रेट मात्र डॉक्टरांनी त्याच रुग्णाला लिहून दिलेली असेल तरच, कारण रक्तदाब आधीच कमी असेल तर ती घात करते. आणि कोणी बेशुद्ध पडून श्वास थांबला, किंवा नुसते आचके येत असले, तर त्याच्या खोकण्याचा प्रश्नच उरत नाही. जवळच्या माणसाने 108 ला कळवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला 100 ते 120 वेळा, साधारण 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे असते.

दहा जणांना पाठवण्याविषयी एवढेच सांगतो की हा मजकूर इंग्रजीत 1999 पासून फिरतो आहे. अमेरिकेतल्या रोचेस्टर जनरल हॉस्पिटलच्या नावाने तो खपवला गेला, पण त्या हॉस्पिटलने त्याच्याशी आपला संबंध नसल्याचे सांगितले.

आता ग्रुपचे. तो संदेश पुसून टाकावा असे मला वाटत नाही. ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यात खोकल्याचा उपाय तसाच राहील, शिवाय पुसल्याची खूण दिसून उगाच चर्चा होईल. दुरुस्ती तुमच्याकडूनच आली तर लोक ती जास्त मानतील. तुम्हाला योग्य वाटल्यास त्याच संदेशाला उत्तर म्हणून पुढील मजकूर पाठवता येईल:

"वरील संदेशाबाबत अधिक माहिती घेतली. खोकण्याचा उपाय डॉक्टर घरी करायला सांगत नाहीत, कृपया तो पुढे पाठवू नये. छातीत दडपण, घाम, धाप किंवा जबड्यात-हातात कळ आल्यास लगेच 108 ला फोन करावा, शेजाऱ्यांना हाक मारावी, दाराची कडी काढून टेकून बसावे, स्वतः गाडी चालवू नये. एकटे राहणाऱ्यांनी 108 आणि शेजाऱ्याचा नंबर फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा."

शब्द तुमच्या पद्धतीने बदलावेत. ग्रुपवर मी या विषयावर काहीही लिहिलेले नाही आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय लिहिणारही नाही. मात्र कोणी मला थेट विचारले, तर छातीत दुखल्यावर काय करावे तेवढेच सांगेन. आज संध्याकाळी सातनंतर मी घरी आहे. काही शंका असल्यास आवाज द्यावा, मी वर येतो.

आपला नम्र,
खालच्या मजल्यावरचा शेजारी