पेपरात ब्लँक झाल्यावर काय करायचं, हे पेपरात ठरत नाही

«पेपरमध्ये अचानक ब्लँक झालात? १) पेन ठेवा, डोळे मिटा आणि निदान पाच मिनिटं काहीही करू नका, सगळं आपोआप आठवतं. २) जोरजोरात वीस-पंचवीस खोल श्वास घ्या, मेंदूला जादा ऑक्सिजन मिळतो. ३) अडलेला प्रश्न सोडून पुढे जाऊ नका, मेंदूला हार मानायची सवय लागते. ४) शेवटच्या महिन्यात वेळ लावून जुने पेपर सोडवू नका, त्यानेच भीती वाढते, त्यापेक्षा नोट्स पुन्हा पुन्हा वाचा. ५) ज्याचा अभ्यास पक्का त्याला ब्लँक होतच नाही. ओळखीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठवा.»

हा मेसेज माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने सोडवायला काढलेले जुने पेपर बाजूला ठेवून दिले. परीक्षा महिन्यावर आली आहे. म्हणून हे लिहितोय, आणि चिडूनच लिहितोय.

सुरुवात चौथ्या मुद्द्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. नोट्स वाचताना उत्तर डोळ्यांसमोर असतं. तिसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं आणि आपल्याला हे येतं अशी खात्री वाटू लागते. परीक्षेत मात्र ओळखायचं काहीच नसतं. कोऱ्या पानावर, घड्याळ चालू असताना, आठवून काढायचं असतं. या दोन वेगळ्या क्षमता आहेत आणि ताण आला की त्यांच्यातला फरक उघडा पडतो.

यावर टफ्ट्स विद्यापीठातल्या एमी स्मिथ, व्हिक्टोरिया फ्लोर्क आणि आयाना थॉमस यांचा एक नेमका प्रयोग आहे, २०१६ साली ‘सायन्स’मध्ये आलेला. १२० जणांना शब्दांचे आणि चित्रांचे ३०-३० चे संच शिकवले. निम्म्यांनी ते पुन्हा पुन्हा पाहून पाठ केले, निम्म्यांनी न बघता आठवून लिहून काढायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या काही जणांना परीक्षकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावून मुद्दाम ताण दिला. पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांना ताणाशिवाय ३० पैकी सरासरी नऊच्या आत-बाहेर आठवलं, ताणात सातच्या आसपास. आठवून सराव केलेल्यांना ताणाशिवाय दहाच्या आणि ताणातही अकराच्या आसपास आठवलं. म्हणजे ताणाने त्यांचं काही बिघडलं नाही. हा शब्द-चित्रांचा प्रयोग आहे, तीन तासांच्या पेपराचा नाही, हे मान्य. पण ‘पेपर सोडवू नका, नोट्स वाचा’ या सल्ल्याची दिशाच उलटी आहे, हे त्यातून दिसतं.

चौथ्या मुद्द्यातली एक अर्धी गोष्ट खरी आहे, ती नाइलाजाने मान्य करतो. आदल्या दिवशी पूर्ण पेपर लावू नये. आणि पेपर सोडवून नुसते मार्क मोजले, चुका पाहिल्याच नाहीत, तर भीती वाढते. त्यावर उपाय चुका पाहणं हा आहे, पेपर बंद करणं हा नाही.

जुन्या पेपरचा दुसरा उपयोग तर या मेसेजच्या गावीही नाही. डोकं रिकामं झाल्यावर करायची कृती तिथेच अंगवळणी पडते. ताण वाढला की कपाळामागचा, तोलून निर्णय घेणारा मेंदूचा भाग आधी अडखळतो. सवयीने होणारी कामं तुलनेने टिकून राहतात. म्हणून ‘आता काय करू’ हा विचार त्या क्षणी करावा लागता कामा नये. हात आपोआप त्या कामाला लागला पाहिजे.

कृती तीन टप्प्यांची, एकूण दीड मिनिटाची ठेवा. पहिलं अर्धं मिनिट: पेन खाली, दोन्ही तळवे जमिनीला, आणि तीन संथ श्वास. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. तीन श्वासांना तीस सेकंद लागतात. पुढची चाळीस सेकंद: पेन उचलून कच्च्या कामाच्या जागेत जे येईल ते लिहा. दिलेल्या किमती एककांसह, काय काढायचं आहे, छोटी आकृती, त्या धड्यातला कुठलाही शब्द. पूर्ण वाक्य लिहायचं नाही. शेवटची वीस सेकंद: धागा मिळाला तर लिहायला लागा. नाही मिळाला तर उत्तराला लागेल तेवढी जागा सोडा, प्रश्नपत्रिकेवर त्या क्रमांकाला गोल करा, शेजारी परत यायची वेळ लिहा आणि आधीच ठरवलेल्या सोप्या प्रकारच्या प्रश्नावर जा. व्याख्या, आकृती, जोड्या. ज्याचा जो हुकमी प्रकार असेल तो. तोही सराव पेपरांतच ठरलेला हवा.

मधला टप्पा खरं काम करतो. समजा प्रश्न आहे: दगड 20 m/s वेगाने सरळ वर फेकला, तर तो किती उंच जाईल, g = 10 m/s² धरा. सूत्रच आठवत नाही. विद्यार्थी ‘सूत्र काय, सूत्र काय’ असं घोकत बसतो आणि तीच रिकामी जागा पुन्हा पुन्हा तपासतो. त्याऐवजी हाताने यादी करायची:

```
u = 20 m/s
v = 0  (सर्वांत वर)
g = 10 m/s²
h = ?
t  दिलेला नाही
```

शेवटची ओळ पाहा. वेळ दिलेली नाही, म्हणजे ज्यात वेळ नाही ते सूत्र हवं: v² = u² − 2gh. किमती घातल्या की 0 = 400 − 20h, म्हणजे h = 20 m. आणि सूत्र तरीही आलं नाही, तरी यादीतून वाट निघते. वेग दर सेकंदाला 10 ने कमी होतो, म्हणून 2 सेकंदांत दगड थांबतो; सरासरी वेग 10; उंची 10 × 2 = 20 m. आठवणीला प्रश्नातल्या खुणा दाखवल्या की ती येते. नुसत्या हाका मारून येत नाही.

याची तालीम अशी करा. पूर्ण वेळ लावून जुना पेपर घ्या, घरच्या कुणाला तरी सांगा की मधे दोनदा, मला न सांगता निवडलेल्या वेळी, टेबलावर टकटक कर. टकटक झाली की अर्धं वाक्य तसंच सोडायचं आणि दीड मिनिटाची कृती पूर्ण करायची, त्या क्षणी सगळं आठवत असलं तरीही. एकटे असाल तर दोन प्रश्नांचे क्रमांक चिठ्ठ्यांतून काढा आणि ते आले की कृती करा. शिवाय एखादा पेपर सगळ्यात कच्च्या विभागापासून सुरू करा, म्हणजे खरोखरची अडखळही येईल. पेपर संपल्यावर चार गोष्टी टिपा: कितव्या मिनिटाला, कुठला प्रश्न, कृतीला किती सेकंद, धागा मिळाला की नाही. पहिल्या पेपरला तीन मिनिटं जातात, ते ठीक आहे. चार-पाच पेपरांनंतरही दीड मिनिटात बसत नसेल, तर बहुतेक मधल्या टप्प्यात वाक्यं लिहिली जात आहेत. तीन श्वास दहा-बारा सेकंदांत उरकत असतील, तर आकडे घाईने मोजले जात आहेत. आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे परत यायची वेळ न लिहिणं. मग सोडलेला प्रश्न शेवटच्या घंटेलाच आठवतो.

आता दुसरा मुद्दा. हा मला सगळ्यात हास्यास्पद वाटतो, आणि धोक्याचाही. निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन बसल्या जागीच ९५ ते १०० टक्के असतो. जोरजोरात श्वास घेऊन त्यात भर पडायला जागाच नाही. उलट कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मेंदूकडचा रक्तपुरवठा कमी होतो. बोटांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, डोकं हलकं होतं. आधीच घाबरलेल्या मुलाला वाटतं आता चक्कर येणार, आणि तो आणखी जोरात श्वास घेतो. वर दिलेल्या कृतीत तीनच श्वास आहेत आणि बाहेर सोडणं लांब आहे, ते यासाठीच. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. मुंग्या येऊ लागल्या तर मोजणं सोडा, तोंड मिटून नाकाने नेहमीसारखा श्वास घ्या.

पहिल्या मुद्द्यातलं ‘पेन ठेवा’ बरोबर आहे, पण अर्ध्या मिनिटासाठी. ८० गुणांचा तीन तासांचा पेपर घ्या. वाचायला आणि तपासायला २० मिनिटं ठेवली तर १६० मिनिटं उरतात, म्हणजे गुणाला दोन मिनिटं. पाच मिनिटं डोळे मिटून बसणं म्हणजे अडीच गुणांचा वेळ, आणि त्या वेळात डोक्यात नापास व्हायचेच विचार फिरतात. दीड मिनिटाची कृती एका गुणापेक्षा स्वस्त पडते.

तिसऱ्या मुद्द्यावर थोडक्यात: चुकीचं उत्तर डोक्यात अडकून बसलं की ते बरोबर उत्तराची वाट अडवतं, आणि दुसऱ्या प्रश्नावर गेलं की त्याची पकड सुटते. खबरदारी एकच. उत्तराचे गोल काळे करायचा पेपर असेल, तर सोडलेल्या प्रश्नाची ओळ उत्तरपत्रिकेवरही रिकामी राहिली आहे ना ते पाहा, आणि पुढचा गोल भरण्याआधी क्रमांक बोटाने जुळवा. नाहीतर तिथून खालची सगळी उत्तरं एका ओळीने सरकतात.

पाचवा मुद्दा मुलांना उगाच अपराधी करतो. अभ्यास पक्का असूनही ब्लँक होतं, आणि कच्चा अभ्यास ‘ब्लँक झालो’ या नावाखाली लपतोही. दोन्ही वेगळं काढायची सोपी पद्धत आहे. सराव पेपर संपल्यावर अर्ध्या तासाने, पुस्तक न उघडता, गोल केलेले प्रश्न वेगळ्या शाईने सोडवा. आता उत्तर आलं तर ते ब्लँक होतं. त्याला तालीम हवी. आताही आलं नाही तर तो धडाच कच्चा आहे, तिथे श्वास मोजून काही होणार नाही, धडा शिकावा लागेल. आणि प्रत्येक पेपरात छातीत धडधड, थरथर, उलटी होत असेल किंवा परीक्षेच्या विचाराने झोप उडाली असेल, तर दीड मिनिटाची कृती पुरत नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना परीक्षेआधीच भेटा.