स्क्रीनशॉट नको, वही दाखवा

आज सकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने एक स्क्रीनशॉट टाकला. हिरव्या अक्षरात शेअर बाजारातला 84 हजारांचा नफा, एका दिवसाचा. खाली लिहिलं होतं, 'मामा, हे सर रोज असे कॉल देतात, महिन्याला फक्त चार हजार फी.' दोन मावश्यांनी अंगठे दिले, एकाने टाळ्या वाजवल्या. माझा चहा तसाच गार झाला.

ज्या घरात दाजींचं तसं झालं, त्याच घरात हे परत?

जवळच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. दाजी रिटायर झाले, पीएफचे पैसे आले आणि कुणीतरी त्यांना टेलिग्रामच्या एका चॅनेलवर नेलं, जिथे एक 'सर' काय आणि कितीला घ्यायचं ते सांगतात, त्यालाच कॉल म्हणतात. आधी फुकटचा ग्रुप, मग 'प्रीमियम'. गेल्या गौरी-गणपतीत ताईने रडत फोन केला तेव्हा दोन लाखांच्या वर गेले होते. तरी दाजींचं एकच म्हणणं, 'अरे, सर बरोबरच असतात, मलाच वेळेवर जमत नाही.' तो माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या हिशेबातली चूक काढत आला आणि इथे चूक स्वतःच्या माथी घेऊन बसला होता. मला राग आला तो त्याचा.

मग त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. जेवणाच्या टेबलावर शंभर पानी वही घेतली आणि त्यांना म्हटलं, दाजी, चॅनेलवरचा एकेक कॉल वाचा, मी लिहितो.

पहिलाच कॉल बघा. निफ्टीचा कॉल ऑप्शन, 120 च्या वर घ्या, टार्गेट 130, 145, 180, स्टॉपलॉस 100. कॉल ऑप्शन म्हणजे बाजार वर जाईल यावरचा सौदा, आणि स्टॉपलॉस म्हणजे भाव तिथवर पडला की तोटा घेऊन बाहेर. मेसेजची वेळ 10:42. दुपारी तीनला फटाक्यांच्या चित्रासह पोस्ट, '180 डन, एका लॉटला 4500!' तेव्हा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा कमीत कमी गठ्ठा, 75 चा होता, म्हणजे 120 ते 180 चे 60 गुणिले 75, हिशेब बरोबर. आता मी त्याच ऑप्शनचा एक मिनिटाचा चार्ट उघडला. निफ्टीचा नाही, त्याच ठरलेल्या भावाच्या, म्हणजे स्ट्राइकच्या, ऑप्शनचा. 10:42 ला भाव 131 होता. 120 चा भाव मेसेज यायच्या आधीच मागे पडला होता. दाजींनी फोन उचलून, ॲप उघडून घेईपर्यंत 133. मग 138 पर्यंत जाऊन तो खाली आला आणि 11:20 ला 98 दिसला. स्टॉपलॉस उडाला, 133 वजा 100 चे 33 गुणिले 75, म्हणजे 2475 चा तोटा, वर ब्रोकरेज आणि टॅक्स वेगळाच. दुपारी अडीचनंतर तोच ऑप्शन 186 ला गेला, तेव्हा दाजी त्यात नव्हतेच. सरांनी सांगितलेला स्टॉपलॉस पाळला, म्हणून नव्हते!

चॅनेल म्हणतं 4500 चा नफा, वही म्हणते 2475 चा तोटा. आणि दोन्ही एकाच कॉलबद्दल. कुठेही खोटा आकडा नाही, 180 खरंच झाले होते. फक्त ते कुणाच्या हाताला लागले, हे सांगितलं नाही.

महिन्याचे 46 कॉल आम्ही असे लिहिले. नियम एकच ठेवला: मेसेजनंतरच्या मिनिटाचा भाव तोच आपला भाव, आणि आधी स्टॉपलॉस लागला तर तो तोटा, नंतर काहीही होवो. चॅनेलवर 31 विजय साजरे झाले होते. वहीत 12 उरले. दाजींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बराच वेळ बोलले नाहीत.

हे तपासायचं असेल तर लगेच करा. एक्सपायरी झाली, म्हणजे ऑप्शनची मुदत संपली, की बहुतेक ॲपमधून त्या ऑप्शनचा चार्टच जातो. एनएसईच्या साइटवर जुना भाव मिळतो, पण दिवसाचा, मिनिटाचा नाही. स्टॉपलॉस आधी लागला की टार्गेट, हे दिवसाच्या भावावरून कळत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे.

दुसरी गोष्ट दाजींनीच पकडली. 'अरे, परवा मी तुला एक कॉल पाठवला होता ना, तो इथे दिसत नाही.' माझ्या व्हॉट्सॲपवर त्यांनी पाठवलेला फोटो होता, चॅनेलवर पोस्ट गायब. टेलिग्रामवर प्रत्येक पोस्टला क्रमांक असतो, पोस्टची लिंक कॉपी केली की शेवटी दिसतो. एक 1840 आणि पुढची 1844. ठीक आहे, एकदम टाकलेल्या चार फोटोंनाही वेगवेगळे क्रमांक पडतात, त्यामुळे प्रत्येक खाच म्हणजे चोरी नव्हे. पण ज्या दिवशी बाजार उलटा फिरला, नेमक्या त्याच दिवशी खाचा? पोस्टवर 'edited' असा शब्द असेल तरीही विचारा, काय बदललं?

आणि तो हिरवा स्क्रीनशॉट! एका खात्यात कॉल ऑप्शन घ्यायचा, दुसऱ्यात पुट, म्हणजे बाजार पडेल यावरचा. संध्याकाळी ज्यात नफा त्याचा फोटो. वेबवर उघडलेल्या पानातला आकडा तर कुणीही दोन मिनिटांत बदलून फोटो काढतो. एका दिवसाचा फोटो बघून काहीही कळत नाही. ब्रोकरकडून मिळणारा पूर्ण वर्षाचा, सगळ्या खात्यांचा नफा-तोट्याचा अहवाल मागा. देतो का बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने 'बाप ऑफ चार्ट' या नावाने बाजाराचे सल्ले देणाऱ्याच्या प्रकरणात अंतरिम आदेश काढला, त्यात काय निघालं? लोकांना नफ्याची स्वप्नं दाखवणाऱ्याच्या स्वतःच्या ट्रेडिंगमध्ये अडीच वर्षांत 2.89 कोटींचा तोटा. कमाई कुठून होत होती, हे मी सांगायला नको.

कुणी म्हणेल, सगळेच तसे नसतात. नसतील. सेबीकडे नोंदणी असलेले रिसर्च ॲनालिस्ट आहेत, त्यांचा क्रमांक INH ने सुरू होतो, आणि त्यात प्रामाणिक माणसं असणारच. पण क्रमांक चॅनेलवर वाचून गप्प बसू नका, sebi.gov.in वरच्या यादीत शोधा. तिथलं नाव, फोन आणि फी ज्याच्या खात्यात जाते ते नाव एकच आहे का बघा. दाजींच्या सरांनी क्रमांक लिहिला होता, यादीत तो दुसऱ्याच कुणाचा निघाला. आणि क्रमांक खरा असला तरी कॉल बरोबर येतील, असं काही त्यावर लिहिलेलं नसतं.

लिहिता लिहिता राग उतरला. भाच्यावर तर नव्हताच. चोवीस वर्षांचा पोरगा, पहिली नोकरी, पगार पुरत नाही, आईला काहीतरी घेऊन द्यायचंय. त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर बोललो असतो तर गप्प बसला असता आणि चार हजार भरून मोकळा झाला असता. दाजीही असेच गप्प बसले होते.

मघाशी त्याला फोन केला. म्हटलं, फी अजून भरू नकोस, या आठवड्यातले सरांचे सगळे कॉल वेळेसकट उतरवून ठेव आणि रविवारी जेवायला ये. मंगळवारी एक्सपायरी आहे, त्याच्या आत चार्ट बघून घेऊ. दाजींनाही बोलावलंय. ते म्हणाले, 'वही मी आणतो, त्यात अजून निम्मी पानं कोरी आहेत.'