सारांश पाठवा, पण कोणत्या भाषेत?

भाषांतराचं काम आलं की भाषा कोणती हे कुणाला विचारावं लागत नाही. हिंदीतून मराठी, इंग्रजीतून मराठी, असंच ते काम सांगितलं जातं. भाषांतर सेवांसाठीचं आयएसओ १७१०० हे २०१५चं मानकसुद्धा काम सुरू होण्याआधी अशा गोष्टी दोन्ही बाजूंनी ठरवून घ्यायला सांगतं. घोळ होतो तो ज्याला कुणी भाषांतर म्हणत नाही त्या कामांत. सारांश, टिपणं, मुद्दे, शीर्षकं, बैठकीचा वृत्तांत. ऐकायचं एका भाषेत, काम सांगणारा बोलतो दुसऱ्या भाषेत, आणि लिहायचं कोणत्या भाषेत ते गृहीतच धरलेलं. माझं बरंचसं काम याच प्रकारातलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

परवाचाच निरोप घ्या. एका संस्थेच्या समन्वयक बाईंनी पाठवलेला. "ताई, तीन मुलाखतींची रेकॉर्डिंग पाठवतेय. प्रत्येकीचा दोन पानी सारांश आणि महत्त्वाची वाक्यं हवीत. शुक्रवारपर्यंत जमेल ना?" निरोप मराठीत. रेकॉर्डिंग उघडलं तर तिन्ही बायका हिंदीत बोलतायत. सोबत जोडलेल्या नमुन्यातले मथळे मात्र इंग्रजीत. म्हणजे एका कामाला तीन उमेदवार, आणि तिघांच्याही बाजूने काहीतरी बोलता येतं.

बहुतेक जण इथे निरोपाच्या भाषेकडे झुकतात. मराठीत सांगितलं म्हणजे मराठीत द्यायचं. मला हे पटत नाही. निरोपाची भाषा एवढंच सांगते की आम्ही दोघी एकमेकींशी मराठीत बोलतो. सारांश ज्याच्या टेबलावर जाणार आहे तो माणूस या संभाषणात नाहीच. मूळ भाषेकडे झुकणारेही असतात. हिंदीतलं हिंदीतच ठेवलं की आपल्या हातून काही बदलायला नको, हा त्यांचा विचार. पण हिंदी मुलाखत मराठी माणसाला सारांशासाठी देण्यामागे वाचणाऱ्याला हिंदी ऐकत बसायचं नाही, हेही कारण असू शकतं.

अर्थात प्रत्येक वेळी विचारत बसायचं नसतं. कामाचं क्रियापद पाहिलं तरी बराच उलगडा होतो. 'तपासून द्या' म्हटलं तर मजकूर ज्या भाषेत आहे त्याच भाषेत राहतो. 'उतरवून द्या' म्हटलं तर बोललेलं त्याच भाषेत कागदावर येतं. 'या पत्राला उत्तर तयार करा' म्हटलं तर ज्याला उत्तर जायचंय त्याने ज्या भाषेत लिहिलं, साधारण त्याच भाषेत. इथे प्रश्न विचारला तर समोरच्याला वाटतं, हिला काम कळलेलं नाही. पण 'सारांश', 'मुद्दे', 'टिपण' या शब्दांत भाषेचा पत्ताच नसतो. तिथे थांबायचं.

थांबायचं म्हणजे लगेच निरोप टाकायचा असंही नाही. आधी हाताशी असलेलं बघून घ्यायचं. नमुन्याची फाइल कोणत्या भाषेत आहे, यापूर्वीचं तयार काम दिलंय का, फाइलच्या नावाच्या शेवटी `_EN` किंवा `_MR` असं काही आहे का, ईमेल असेल तर त्याची प्रत आणखी कुणाकुणाला गेलीय. परवाच्या कामात इंग्रजी मथळ्यांमुळे इंग्रजीचा संशय आला, पण तो संशयच. इंग्रजी मथळ्यांच्या तक्त्यात मराठी भरलेलं मी कितीदा तरी पाहिलंय. तोच नमुना सगळीकडे फिरत असतो, मथळे बदलायची तसदी कुणी घेत नाही.

आता विचारायचं कसं. "सारांश कोणत्या भाषेत हवा?" हा सरळ प्रश्न वाटतो, पण त्याला उत्तर फार वाईट येतं. "मराठीत चालेल," किंवा "तुम्हाला सोपं पडेल तसं." समन्वयक बाई स्वतःपुरतं उत्तर देतात. त्यांना तिन्ही भाषा येतात, त्यांना खरंच काहीही चालतं. ज्याला चालणार नाही तो माणूस या प्रश्नाने त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. म्हणून मी भाषा विचारण्याऐवजी मी काय करणार ते सांगते, आणि वाचणाऱ्याबद्दल विचारते. परवा पाठवलेला निरोप असा होता:

"मुलाखती ऐकल्या, तिन्ही हिंदीत आहेत. सारांश मराठीत लिहितेय, बायकांची वाक्यं मात्र जशी बोलली तशी हिंदीतच ठेवतेय. हे पुढे कोण वाचणार आहे? मराठी न येणारं कुणी असेल किंवा हा मजकूर इंग्रजी अहवालात जाणार असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवा, लिहायला उद्या सकाळी घेतेय."

यात चार गोष्टी आहेत, आणि चारही लागतात. मूळ भाषा कोणती ते सांगितलं, कारण पुष्कळदा काम देणाऱ्याने रेकॉर्डिंग ऐकलेलंच नसतं. मी काय धरून चालले ते सांगितलं, म्हणजे त्यांना नुसतं 'हो' म्हटलं तरी पुरतं. सारांश आणि अवतरणं वेगळी काढली. आणि उत्तर कधीपर्यंत हवं ते सांगितलं, तेही कारणासकट. वेळ न घातलेला प्रश्न वाचला जातो, 'बघू' म्हणून बाजूला पडतो आणि गुरुवारी रात्री त्याचं उत्तर येतं.

तासाभरात उत्तर आलं. अहवाल इंग्रजीत जाणार आहे, निधी देणारे वाचणार आहेत, तेव्हा सारांश इंग्रजीतच द्या. वाक्यं हिंदीत ठेवून खाली इंग्रजी अर्थ द्या. म्हणजे मी जे धरून चालले होते त्याच्या बरोबर उलट. पण वाक्यांचं मी म्हटलेलं तसंच राहिलं, आणि खरं तर तेच जास्त महत्त्वाचं होतं.

ते का, ते जरा सांगते. समजा, मी सगळंच मराठीत दिलं असतं. सारांश मराठीतून इंग्रजीत नेणं हे वेळेचं नुकसान, पण निभावतं. वाक्यांचं तसं नाही. एका मुलाखतीत ती बाई म्हणते, "किसी ने बताया ही नहीं, हम खुद पूछने गए तब पता चला।" मी याचं मराठी करणार, "कोणी सांगितलंच नाही, स्वतः विचारायला गेलो तेव्हा कळलं." मग तिकडे दुसरं कुणीतरी माझ्या मराठीवरून इंग्रजी करणार. त्याच्याकडे रेकॉर्डिंग नाही, हिंदी वाक्य नाही. सफाईदार दिसावं म्हणून तो लिहिणार की माहिती वेळेवर पोचली नव्हती. बाई स्वतः विचारायला गेली हे वाक्यातून गेलं. वर त्याला अवतरणचिन्हंही असणार, म्हणजे ते तिच्या तोंडचे शब्द म्हणून छापले जाणार. अवतरणचिन्हात घातलेलं वाक्य दोन भाषा ओलांडून गेलं तर ते कुणी बोललेलंच नसतं. म्हणून सारांशाची भाषा काहीही ठरो, वाक्यं मूळ भाषेत आणि समोर वेळ, उदाहरणार्थ `00:14:32`, एवढं मी ठेवतेच. शंका आली तर कुणालाही तिथे जाऊन ऐकता येतं.

याचा आणखी एक फायदा होतो, उत्तरच आलं नाही तेव्हा. असं अनेकदा होतं. माणूस प्रवासात असतो, निरोप खाली जातो. अशा वेळी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही आणि अंदाजाने तिन्ही सारांश लिहून टाकायचंही नाही. जे काम भाषेवर अवलंबून नाही ते आधी उरकायचं. मुलाखती पूर्ण ऐकणं, वेळा नोंदवणं, वाक्यं निवडून मूळ भाषेत उतरवणं, मुद्द्यांचा क्रम लावणं. अर्ध्याहून जास्त मेहनत यातच असते आणि भाषा कोणतीही ठरली तरी ती वाया जात नाही. त्यानंतर एकच सारांश धरलेल्या भाषेत लिहून पाठवायचा, सोबत एक ओळ, "हा मराठीत केलाय, बाकीचे दोन असेच करू ना?" नुसत्या प्रश्नाला उत्तर न देणारी माणसं समोर चुकीच्या भाषेतलं पान आलं की लगेच फोन करतात, हे मी पुष्कळदा पाहिलंय.

लिपीचं थोडक्यात. मूळ मजकूर मोबाइलवर लिहिलेल्या निरोपांचा असेल, मराठी पण रोमन अक्षरांत टाइप केलेली, तर भाषेसोबत लिपीही विचारून घ्यायची. बोललेल्या मजकुराला हा प्रश्न सहसा येत नाही.

आता पैशाचं, कारण न विचारण्यामागे बऱ्याचदा तेच असतं. हिंदी ऐकून हिंदीत सारांश लिहिणं आणि हिंदी ऐकून इंग्रजीत लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसऱ्यात भाषांतर आलं, वाक्यांखाली अर्थ द्यायचा तर आणखी आलं. नव्याने काम करणाऱ्यांना वाटतं, भाषा विचारली की दर वाढवायचा विषय निघेल आणि काम हातचं जाईल, म्हणून ते गप्प बसतात आणि नंतर फुकटात भाषांतर करून देतात. मला वाटतं, विषय निघायला हवाच, आणि निघायची बरी वेळ तीच. मी भाषेचं उत्तर आल्यावर लगेच लिहिते, "चालेल. इंग्रजीत सारांश आणि वाक्यांचा अर्थ म्हणजे सारांशासोबत भाषांतरही आलं, त्याचा दर असा." परवा त्या बाईंनी एका शब्दात 'ठीक' म्हटलं. कधी कधी मोलभाव होतो, कधी अर्थ नको, नुसती हिंदी वाक्यं ठेवा असंही ठरतं. काही का ठरेना, काम सुरू व्हायच्या आधी ठरतं.

शेवटचं एक उत्तर मात्र मला अजिबात आवडत नाही, ते म्हणजे "दोन्ही भाषांत द्या." काही जण तर न विचारताच दोन्ही देऊन मोकळे होतात, म्हणजे वाद नको. वाद तिथूनच सुरू होतो. कुणीतरी मराठी प्रतीत एक आकडा दुरुस्त करतं, इंग्रजी तशीच राहते, आणि दोन आठवड्यांनी दोन्ही प्रती खऱ्या म्हणून फिरत असतात. म्हणून 'दोन्ही' आलं की माझा पुढचा प्रश्न असतो, फरक पडला तर कोणती धरायची? ती आधी करते, ती मंजूर झाल्यावरच तिच्यावरून दुसरी करते, आणि दुसरीच्या माथ्यावर ती कोणत्या प्रतीवरून केली ते तारखेसह लिहिते.